फळीवरचा पालथा डबा

आमच्या घरात आईपासून चालत आलेला एक नियम होता. कोणाकडून भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. पुरणपोळीच्या बदल्यात पुरणपोळीच पाहिजे असं नव्हतं. मूठभर गहू, दोन लिंबं, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. शिरड शहापुरात हा नियम आमच्याच घरचा होता असंही नाही, अख्ख्या गल्लीचा होता. रिकामं भांडं परत आलं की घरातली बाई ते हातात धरून थोडी थांबायची आणि नुसतं "बरं" म्हणायची. त्यानंतर त्या दोन घरांत देणंघेणं फारसं होत नसे.

मला हा नियम माहीत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी सगळ्यांना सांगितलं की मला आठवलं नाही.

मी शाळेत लिपिक आहे. दुसऱ्यांच्या लेकरांचे दाखले लिहिण्यात नोकरी गेली. घरामागे वडिलांचं रान आहे, त्यात हळद लावतो. आम्हाला मूलबाळ झालं नाही, आणि बायको आजारपणात गेली तेव्हा मी अजून पन्नाशीच्या अलीकडे होतो. त्यानंतरचे काही महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की संध्याकाळी कुलूप काढून आत आलो की मी आधी टीव्ही लावायचो आणि मग चपला काढायचो.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन कायमची घरी आली.

तिला परभणीकडे दिली होती. तिचा नवरा दारू पीत नव्हता, मारतही नव्हता, म्हणून आम्ही सगळे कितीतरी वर्षं तिला म्हणत राहिलो की संसारात असं असतं. तो फक्त विचारायचा. दूध उतू का गेलं. खिडकी कोणी उघडली. फोन कोणाचा होता, मग एवढा वेळ काय बोलत होतीस. उत्तर दिलं तर त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न. ती माझ्याकडे आली तेव्हा साधं "चहा घेतेस का" विचारलं तरी माझ्या चेहऱ्याकडे बघायची, की मला कोणतं उत्तर पाहिजे आहे. फारकत दोघांच्या संमतीनं झाली, तरी कोर्टानं मधे सहा महिने थांबायला लावलं, आणि त्या सहा महिन्यांत सासऱ्यानं दोनदा निरोप धाडला की पोरगी आमची आहे. शेवटी पोरगी तिच्याकडेच राहिली. बापानं महिन्यातल्या एका रविवारी भेटायचं ठरलं. वकिलीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की निकाल लागला म्हणजे संपलं असं समजू नका, लेकराचा ताबा हा विषय पुन्हा उघडता येतो. जे कराल ते उजेडात करा आणि सावकाश करा. ही गोष्ट मला माहीत होती. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मी शेजारीच उभा होतो.

ती आली आणि घर पुन्हा घरासारखं झालं. भाची तेव्हा सात वर्षांची असेल. "मामा, तुमी घोरताव" असं सकाळी सकाळी तोंडावर सांगणारं घरात कोणीतरी आलं. पोळ्या गरम मिळायला लागल्या. टीव्ही मी लावेनासा झालो. लोक म्हणायचे, बहिणीला आधार दिला. मी मान हलवायचो. आधार कोण कोणाला देत होतं ते लोकांना दिसत नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

हळद काढणीला आली की आमच्याकडे शिजवायला बाहेरून बॉयलर येतो. ट्रॅक्टरमागे ओढत आणतात. पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला वाफेचे ड्रम. त्या वर्षी आला तो माणूस कनेरगाव नाक्याचा. चाळिशीचा, उंच, बोलायला हळू, खांद्यावर कायम एक पंचा. त्याचीही फारकत झालेली होती. लग्न वर्षभरच टिकलं होतं, मूल नव्हतं, घरी म्हातारी आई आणि दोन म्हशी. हे त्यानंच पहिल्या दिवशी जेवताना सांगितलं, कोणी न विचारता, माझ्या बहिणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मला तेव्हा तो आगाऊपणा वाटला. आता वाटतं, त्याला काही लपवून पुढं जायचं नव्हतं.

तीन दिवस आमची आणि शेजाऱ्यांची हळद शिजली. चौथ्या दिवशी तो पुढच्या गावाला गेला आणि त्याचा पंचा आमच्या बाभळीवर राहिला. बहिणीनं तो धुतला, वाळवला, घडी घालून ठेवला. आठवड्यानं तो शोधत आला तेव्हा भाचीच्या हातून नाही, माझ्या हातून नाही, स्वतः ओसरीपर्यंत येऊन दिला. आणि लगेच आत गेली.

मग तो अधूनमधून यायला लागला. कधी ड्रमचा नळ बदलायला हट्टा गावाला चाललोय म्हणून, कधी हळदीचा भाव काय चाललाय विचारायला. भाव त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायचा. तो आला की मी एक गोष्ट बघायचो: बहीण भाचीला आत पाठवायची. "पाढे म्हण जा." पोरीला बाहेर यायचं असायचं, ती दाराआडून डोकवायची, पण बहीण तिला येऊ देत नसे. चहा ती माझ्या हाती द्यायची. त्याच्याशी बोलायची ती उभ्यानं, दाराच्या चौकटीला टेकून, आणि बोलणं रंगात आलं की मधेच थांबून म्हणायची, "भाजी लागंल." भाजी चुलीवर नसायचीही कधीकधी.

मी यावरून एकच अर्थ काढला. तिला तो नको आहे.

आमच्याकडे सोयरिकीत हेच शिकवलेलं असतं. मुलगी बघून गेलेले लोक आठ दिवसांत निरोप देत नाहीत म्हणजे नकार. "कळवतो" म्हणजे नकार. हो म्हणणारा माणूस दारातूनच हो म्हणतो, त्याचा बाप तिथेच सुपारी मागतो. माझं लग्न असंच ठरलं, तिचं पहिलं लग्नही असंच ठरलं. चहाचे कप उचलायच्या आत. त्या मापानं मी तिच्या या सगळ्याकडे बघत होतो, आणि ते माप चुकीचं आहे हे कळायला मला फार बुद्धी लागली नसती. कारण दुसरं जे दिसत होतं तेही मी बघत होतो.

तो येणार असला त्या दिवशी ती ओसरी दोनदा झाडायची. त्याचा फोन नंबर तिनं बरेच महिने घेतला नाही, पण मग एक दिवस स्वतःच मागून घेतला, माझ्यासमोर, "दादा, तुमीबी लिहून घ्या" असं म्हणत. त्याच्या मेसेजला ती त्याच दिवशी उत्तर द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी द्यायची, पण त्यानं विचारलेल्या एकेका गोष्टीचं द्यायची, एकही न गाळता. तो बोलून गेला की रात्रीच्या जेवणाला ती मला प्रश्न विचारायची, आणि ते प्रश्न नको असलेल्या माणसाबद्दल कोणी विचारत नाही. त्याच्या आईचा स्वभाव कसा असंल. त्याची पहिली बायको का गेली, खरं कारण कोणाला विचारता येईल का. तो मजुरांवर ओरडतो का, तुमी पाहिलं का ओरडताना. एकदा म्हणाली, "भट्टीतली राख त्याच्या हाताखालच्या पोरानं ओल्या हळदीवर सांडली तवा तो काय म्हणला?" मला आठवत होतं. तो म्हणाला होता, "उचल." एवढंच. मी तिला सांगितलं. भात वाढताना तिचा हात जरा सैल पडला.

आणि आणखी एक. एखाद्या दिवशी ती त्याच्याशी चांगली बोलली, हसली, की पुढचे पंधरा दिवस ती गप्प व्हायची. फोन बाजूला ठेवायची. मला वाटायचं, काहीतरी बिनसलं. पण बिनसलेल्या दिवसानंतर ती कधी अशी गप्प झाली नाही. चांगल्या दिवसानंतरच व्हायची. आपण एक पाऊल टाकलं हे कळल्यावर ती जमीन पुन्हा चाचपून बघत होती.

मला हे सगळं दिसत होतं. मी त्याला नाव दिलं नाही एवढंच. नाव दिलं असतं तर पुढे तिचं जाणं आलं असतं, पोरीचं जाणं आलं असतं, आणि कुलूप काढून आधी टीव्ही लावणं आलं असतं.

दिवाळीच्या आधी त्याची म्हैस व्याली. तो एवढ्या लांबून मोटारसायकलवर खरवस घेऊन आला. कडीचा स्टीलचा डबा, वरून ओलं फडकं गुंडाळलेलं. भाची एकदा दाराआडून बोलली होती की तिनं खरवस कधी खाल्ला नाही. ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बहिणीनं पोरीला आत पाठवलं नाही. पोरगी ओसरीवर बसून वाटीभर खरवस खाऊन म्हणाली, "जेलीसारखा हाय. काका, तुमची म्हैस रोज वासरू देते का?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. बहीणही हसली. मी पाणी आणायला आत गेलो आणि आतच जरा जास्त वेळ उभा राहिलो.

तो गेल्यावर तिनं डबा घासला, पुसला आणि भांड्यांच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात पालथा ठेवला.

डबा तिथेच राहिला. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न गेलं. शेजारच्या काकू पीठ मागायला आल्या की आधी फळीकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "बाई गं, त्या डब्याला मूळ फुटंल आता. हो का न्हाई ते तरी घाल त्यात." बहीण म्हणाली, "घालीन की काकू. घाई काहून?" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या की हिच्या घाईनं आमी मेल्यावर लगीन व्हईल. ती हसली नाही. पण डबा रोज पुसत होती. फळीवरच्या बाकी भांड्यांवर धूळ असायची, त्यावर नसायची.

एकदा मी तिला त्यात शेंगदाण्याची चटणी भरताना पाहिलं. संध्याकाळी चटणी बरणीत परत गेली होती, डबा पालथा. तिखट घालावं की गोड हेसुद्धा तिला ठरवावं लागत होतं. आमच्याकडे बायकांना हे सांगावं लागत नाही. चटणी म्हणजे शेजारधर्म. गोड म्हणजे पुढं या.

तिचं लेकरू बापाच्या रविवारी भेटून आलं की रात्री झोपेत बडबडायचं, आणि त्यानंतरचे चार दिवस आईचा पदर सोडत नसे. बहिणीनं मला एकदा सांगितलं होतं, कपडे वाळत घालताना, पाठमोरी उभी राहून, की माझं काही न्हाई दादा, मी एकदा पडले तशी पुन्हा पडंन आणि उठंन; पण हिला कोणाची सवय लागली आणि तो माणूस निघून गेला तर हिचे दोन बाप गेले असं होईल. मी "व्हय" म्हणालो. ती मला नकार सांगत नव्हती. ती मला भीती सांगत होती. मी ते नकार म्हणून ठेवून घेतलं, कारण ते माझ्या उपयोगाचं होतं.

हिवाळ्यात मला शाळेच्या कामानं वाशिमला जायचं होतं. रस्ता कनेरगाव नाक्यावरूनच. सकाळी बहीण पोरीला घेऊन औंढ्याला दवाखान्यात गेली होती, पोरीचा कान दुखत होता. मी डोक्याला मफलर बांधला, पिशवी घेतली आणि फळीसमोर थांबलो.

मी डबा उचलला. कडी लावली. साखरेचा डबा हाताशी होता, त्याच फळीवर. मी त्याचं झाकण काढलं, चमचा आत घातला, आणि चमचा परत ठेवून झाकण लावलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगितलं, हे नाही. मी विसरलो नव्हतो.

मनाला मी सांगत होतो की बिचाऱ्याला किती दिवस लटकत ठेवायचं. तिला तोंडावर नाही म्हणवत नाही, तर आपणच मोकळं करावं दोघांना. मोटारसायकल चालवताना हे फार पटत होतं.

नाक्याच्या जरा आत त्याचं घर. त्याची आई ओट्यावर तूर निवडत होती. मी डबा पुढे केला. म्हातारीनं तोंडभर हसून घेतला, जड आहे का हे हातावर तोलून बघितलं, आणि माझ्यासमोरच कडी काढली. आत बघितलं. कडी लावली. डबा मांडीवर ठेवून म्हणाली, "बरं."

तो गोठ्यातून हात पुसत आला. डब्याकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यांनी धाडला?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं मला चहा घ्या म्हणून दोनदा सांगितलं. मी कामाची घाई सांगून निघालो. गाडी चालू करताना मागं वळून बघितलं तर तो तिथेच उभा होता, पंचा खांद्यावरून काढून हातात घेतलेला.

संध्याकाळी घरी आलो. बहीण फळीसमोर उभी होती. भाची चुलीपाशी परातीत मुरमुरे घेऊन बसलेली, गुळाचा वास येत होता.

"दादा, डबा कुठं?"

मी म्हणालो, रस्त्यातच होतं, देऊन आलो.

तिनं फळीवरची ती जागा हातानं पुसली. मग विचारलं, "काय घातलंत?"

"ध्यानात न्हाई राहिलं."

भाची मुरमुऱ्याचे लाडू वळत होती. वाकडेतिकडे, मुठीएवढे. दवाखान्यातून येताना तिनंच म्हटलं होतं म्हणे की काकाचा डबा किती दिवस ठेवायचा, आपण लाडू घालून देऊ, मी करते. बहीण पोरीच्या तोंडून ते यायची वाट बघत होती. इतके महिने. हे मला तेव्हा कळलं नाही, तेव्हा मी फक्त पाहिलं की तिनं परातीवर झाकण ठेवलं आणि पोरीला म्हणाली, "आपल्यालाच खाऊ. मामाला दे."

मी तो लाडू खाल्ला.

पुढचे सहा महिने कसे गेले हे सांगायला फार काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. त्याचा फोन येणं थांबलं. तिनंही केला नाही. मला वाटलं होतं, ती माझ्याशी भांडेल, विचारेल. ती भांडली नाही. पोळ्या गरमच मिळत राहिल्या. फक्त ती स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणायची ते बंद झालं, आणि डाव्या कोपऱ्यातली जागा तिनं दुसऱ्या भांड्यानं भरली नाही. पोरगी एकदा म्हणाली, "मामा, म्हैसवाले काका मेले का?" बहीण म्हणाली, "असं म्हणू नाई." घरात तीन माणसं होती आणि मी पहिल्यासारखा टीव्ही लावायला लागलो होतो.

हळद निघाली. त्यानं स्वतः न येता ओळखीच्या दुसऱ्याचा बॉयलर आमच्याकडे पाठवला. ती त्या दिवसांत घरामागे गेलीच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तो शाळेत आला. मी दाखल्यांच्या कामात होतो. समोर येऊन उभा राहिला; मी खुर्ची दिली तरी बसला नाही.

"भाऊ, एक विचारायला आलो. रागावू नका."

मी शिपायाला चहा आणायला पाठवून दिलं.

तो म्हणाला की सहा महिने झाले, पटून राहिलं नाही. सुरुवातीला पटलं, रिकामा डबा आला, समजून घ्यावं, आई तर म्हणली की आता त्या गावाचं नाव काढू नको. पण माझा पंचा राहिला होता तो त्यांनी धुऊन घडी घालून दिला. एकदा माझा पाना राहिला होता, तो तेल लावून, कागदात बांधून दिला. "ज्या बाईनं माझा पाना नुसता परत केला न्हाई, ती डबा रिकामा धाडंल का?"

मी टेबलाकडे बघत होतो.

"आनिक एक. त्यांनी मला कवाच न्हाई म्हणलं न्हाई. लोक मला म्हणतात, येडा हायस, ती हो बी म्हणली न्हाई. मी म्हणतो, जिला नको असतं ती लवकर सांगते, तोंडावर गोड बोलून मोकळी व्हते. ह्या बाईनं मला हरेक गोष्ट विचारली. माझ्या आईला साखरेचा आजार हाय का, एवढं विचारलं. नको असलेल्या माणसाची आई कोण विचारतं? माझं पैलं लगीन चहा पिता पिता ठरलं, भाऊ. कोणी म्हणलं न्हाई तवा, का घाई काहून करून राहिला. ही हळू चालते. मला हळू चालणाऱ्याचं भेव न्हाई वाटत." मग म्हणाला, "म्हणून विचारतो. डबा त्यांनी धाडला होता का?"

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "मी आणला. तिला माहीत नव्हतं."

त्यानं एकदा खिडकीबाहेर बघितलं. पोरं मधल्या सुट्टीत नळावर भांडत होती. "बरं," तो म्हणाला. त्याच्या आईसारखंच. "मग हे त्यांना तुमी सांगा. मी सांगणार न्हाई. माझ्या तोंडून आलं तर त्यांना वाटंल मी भावाची चुगली करून राहिलो. त्यांना घरात राहायचं हाय अजून." चहा आला तेव्हा तो निघून गेलेला होता.

मी त्या संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण तो वाट बघतोय हे मला ठाऊक होतं, आणि तो कसा वाट बघतो तेही ठाऊक होतं. शेवटी एका रविवारी, पोरगी बापाकडे गेलेली असताना, मी तिला बोलावून ओसरीवर बसवलं आणि सांगितलं. डबा मी माझ्याच मनानं नेला होता. तिनं धाडला असं मी त्याला म्हणालो.

ती बसल्या जागी चौकटीला टेकली.

"मला वाटलं, त्यांनीच तुमच्याजवळ डबा मागून घेतला," ती म्हणाली. "थकले असतील म्हणलं. किती दिवस थांबंल माणूस." तिचा आवाज अगदी साधा होता. "म्हणून मी फोन केला न्हाई. मागं लागल्यासारखं झालं असतं."

एका डब्यानं मी दोघांना दोन नकार पोचवले होते. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटत होतं, मी फक्त त्याला फसवलं.

मग तिनं विचारलं, "तुमाला वाटलं, मला नको हाय म्हणून?"

इथे मला हो म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते.

"न्हाई, बाई," मी म्हणालो. "मला दिसत होतं."

"मग?"

"तुमी गेल्यावर घरात कोण राहतं?"

मला वाटलं, रडेल. ती उठली, आत गेली, आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. संध्याकाळी पोरीला आणायला ती एकटीच गेली, मला चला म्हणाली नाही.

त्यानंतरही तिनं घाई केली नाही. मला वाटलं होतं आता लगेच उरकेल; झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून तरी. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आधी फोन. मग तो आईला घेऊन आला, दुपारी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. मग ती पोरीला घेऊन त्यांच्याकडे एक दिवस जाऊन आली, राहिली नाही. पोरीचं आडनाव बदलायचं नाही, हे तिनं आधी विचारून घेतलं. बापाचा रविवार तसाच राहील हेही. वकिलीणबाईंना जाऊन भेटली. म्हातारीला म्हणाली की पोरीनं तुमच्या मुलाला बाबा म्हणावं असा आग्रह करू नका, ती म्हणेल तेव्हा म्हणेल. म्हातारी म्हणाली म्हणे, "मला आजी म्हणंल तर जमंल का? का त्यालाबी वरीस लागंल?" तो शेजारी बसून ऐकत होता, आणि कुठल्याच गोष्टीला "बघू" म्हणाला नाही. प्रत्येक गोष्टीला हो नाहीतर नाही म्हणाला. दोन गोष्टींना नाही म्हणाला. तिला त्या दोन नाहींनीच धीर आला, असं ती काकूंना सांगत होती. मला तिनं सांगितलं नाही. मी भिंतीपलीकडून ऐकलं.

गेल्या साली हिंगोलीला नोंदणी करून लग्न झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली. तिनंच सांगितलं होतं, सही दादा करतील. सही करताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि नंतर वाकून पाया पडली. त्या दोन्हींतलं खरं कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी एकटा आहे. ती दर आठवड्याला फोन करते. हळदीला पाणी दिलं का, गोळी घेता का. पोरीला देते, पोरगी म्हशींच्या गोष्टी सांगते. मग फोन परत तिच्याकडे जातो, ती म्हणते "ठेवू का दादा", आणि मी म्हणतो "ठेव". पहिल्यासारखं ती माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही. घरी या म्हणाली नाही अजून. येऊ नका असंही म्हणाली नाही.

संक्रांतीच्या आधी मी मुरमुऱ्याचे लाडू केले. पाक दोनदा बिघडला. काकूंनी येऊन मला बाजूला सारलं आणि "पुरुषाच्या हातचा गूळ असा दगड व्हतो" असं म्हणत तिसऱ्यांदा स्वतः केला. लाडू मी वळले, वाकडेच झाले. आमच्या घरातला आईचा पितळी कडीचा डबा काढला, चिंचेनं घासला, आणि वाशिमकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांच्या हाती धाडला.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. लाडू मिळाले, पोरीनं दोन खाल्ले. डब्याचं काही बोलली नाही.

होळी झाली. नवी हळद शिजून वाळत पडली आहे, अंगणात ताडपत्रीवर सगळीकडे पिवळं. मास्तर मधे दोनदा त्या रस्त्यानं जाऊन आले. मी त्यांना विचारलं नाही की डबा दिला का. फोनवर तिलाही विचारत नाही. काकू विचारतात, म्हणतात, जाऊन घेऊन या की, आईचा डबा हाय. मी त्यांना म्हणतो, असू द्या तिच्याकडे.

फळीवर डाव्या कोपऱ्यात जागा ठेवली आहे. डबा अजून आलेला नाही. रिकामा आलेला नाही.